नवजात बाळातील विड्रॉवल

नवजात विड्रॉवल : गर्भारपणात आईच्या शरीरात ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातले औषध किंवा अंमली पदार्थ, नियमित जात राहिला तर तो वारेतून बाळापर्यंत पोहोचतो आणि बाळाच्या मेंदूला त्याची सवय होते. जन्मल्यावर नाळ कापली की हा पुरवठा एकदम तुटतो. त्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी बाळात जी लक्षणे दिसतात त्यांना नवजात विड्रॉवल म्हणतात. अशा बाळाला ‘व्यसनी बाळ’ म्हणणे चूक आहे. व्यसनात हाव असते, पदार्थ शोधणे असते. बाळाचे फक्त शरीर त्या द्रव्यावर अवलंबून राहिलेले असते, आणि योग्य सांभाळ मिळाला तर ते बहुधा एक-दोन आठवड्यांत सावरते.

नाशिक जिल्ह्यात नशेचा विषय निघाला की बोलणे बहुतेकदा मालेगावच्या ‘कुत्ता गोळी’वर येते. ती गोळी म्हणजे अल्प्राझोलाम. ते झोपेच्या, चिंतेच्या औषधांच्या गटातले आहे, ओपिऑइड नव्हे. तिचेही विड्रॉवल बाळाला होते, पण ते उशिरा सुरू होऊ शकते, आणि ओपिऑइडच्या जोडीला असेल तर लक्षणे जास्त तीव्र होतात. ओपिऑइड घरात येते ते बरेचदा साध्या वाटेने : कंबरदुखीसाठी लिहून दिलेले ट्रामाडॉल, कोडीन असलेले खोकल्याचे सिरप. ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, ही त्याच कुळातली दुसरी टोकाची वाट. ट्रामाडॉल 2018 पासून अंमली पदार्थ कायद्याखाली आले आहे, तरी ते घेणाऱ्या बाईला आपण ‘नशा’ करतो असे वाटत नाही. म्हणून ‘काही व्यसन आहे का?’ या प्रश्नाला ती ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटे बोलत नसते.

या आजाराचा खरा घात त्याच्या वेळेत आहे. जन्मतः बाळ ठणठणीत असते, चांगले रडते, अंगावर पिते. हेरॉइनचे विड्रॉवल बहुधा पहिल्या चोवीस तासांत दिसते, ट्रामाडॉलचे पहिल्या-दुसऱ्या दिवशी, आणि व्यसनाच्या उपचारात आईला देतात त्या ओपिऑइड औषधांपैकी ब्युप्रेनॉर्फिनचे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मेथाडोनचे तिसऱ्या दिवसापर्यंत, क्वचित त्याहूनही उशिरा. साध्या बाळंतपणानंतर 48 तास दवाखान्यात राहायचे असते, पण घरी धाकटी मुले असतात, गाडी ठरलेली असते, आणि कुटुंब लवकर सुट्टी मागते. मग लक्षणे घरी सुरू होतात. तिथे त्याला दृष्ट लागली म्हणतात, पोट दुखते म्हणतात, दूध पुरत नाही म्हणतात. पूर्वी महाराष्ट्रात रडक्या बाळाला अफू घातलेली बाळगोळी देत असत. आजही एखादी आजी तसले काही सुचवू शकते. विड्रॉवलमधले बाळ त्याने खरोखर गप्प होते, आणि म्हणूनच ते भयंकर आहे : मात्रा कोणालाच ठाऊक नसते आणि बाळाचा श्वास मंदावून थांबू शकतो.

लक्षणे तीन बाजूंनी येतात. मेंदू अतिजागा होतो : तीक्ष्ण, वरच्या पट्टीतले किंचाळणे, हातापायांची थरथर, ताठर अंग, जरा आवाज झाला की दचकणे, झोप न लागणे. पोट बिघडते : बाळ मुठी अधाशासारखी चोखते पण स्तन धरून नीट ओढू शकत नाही, उलट्या होतात, शी पातळ होते. तिसरी बाजू शरीराच्या आपोआप चालणाऱ्या कामांची : एकामागून एक शिंका, जांभया, चोंदलेले नाक, घाम, थोडा ताप, जोरात श्वास. दुपटे उलगडून पाहिले तर गुडघे, टाचा, हनुवटी चादरीवर सतत घासून लाल झालेली दिसतात, काही वेळा कातडी सोललेली असते. ती खूण एकदा पाहिलेली सिस्टर पुन्हा विसरत नाही.

यातले कुठलेच लक्षण एकट्याने विड्रॉवल सिद्ध करत नाही. थरथरणारे बाळ दिसले की सर्वांत आधी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहायची, कारण साखर उतरल्यानेही बाळ असेच थरथरते आणि ती चूक मेंदूला महाग पडते. कॅल्शियम कमी असणे आणि जंतुसंसर्ग याही शक्यता तपासाव्या लागतात. लघवीच्या साध्या पट्टीवर विसंबता येत नाही : ती मॉर्फिन, कोडीन ओळखते, ट्रामाडॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिन ओळखत नाही. सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे आईने मोकळेपणी सांगितलेली हकीकत.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते कळावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. सिन्नरकडची एक बाई, दुसरे बाळंतपण. दीड वर्षापूर्वी मोटारसायकलवरून पडल्यापासून ती ट्रामाडॉल घेते. आता 50 मिलिग्रॅमच्या दिवसाला आठ गोळ्या. नाशिकच्या दवाखान्यात पूर्ण दिवसांची मुलगी झाली, वजन 2600 ग्रॅम. तिसाव्या तासाला मुलगी किंचाळू लागली. साखर ठीक निघाली, अंगात संसर्गाची खूण नव्हती. सिस्टरने सासूबाईंना चहाला पाठवले आणि आईजवळ बसून विचारले, “ताई, कमरेसाठी, झोपेसाठी, खोकल्यासाठी कुठली गोळी चालू होती का? रागावणार कोणी नाही. बाळाला काय होतंय ते कळायला हवं.” आईने पिशवीतून रिकामी पाकिटे काढून दिली.

मग लक्षणांना गुण देण्यात आले. ही पद्धत लोरेटा फिनेगन यांनी 1975 मध्ये अमेरिकेत मांडली. तीक्ष्ण रडणे 2, पाजल्यावर दोन तासांपेक्षा कमी झोप 2, हात लावताच जोराची थरथर 2, ताठर अंग 2, पिण्यात अडचण 2, शिंका 1 : एकूण 11. जुन्या रिवाजाने लागोपाठ तीनदा 8 किंवा अधिक, अथवा दोनदा 12 किंवा अधिक गुण आले की औषध सुरू करायचे. या पद्धतीचा दोष असा की गुण मोजायला बाळाला उघडावे, हलवावे लागते, आणि हलवलेले बाळ जास्तच थरथरते. शिंका-जांभयांचे गुण भरून औषध सुरू झाले तर त्यात बाळाचे भले कुठे आहे?

म्हणून 2017 च्या सुमारास अमेरिकेतील येल येथे मॅथ्यू ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी तीन साध्या प्रश्नांची पद्धत पुढे आणली. बाळ एका वेळी निदान 30 मिलिलिटर पिते का, किंवा अंगावर नीट पिते का? सलग एक तास झोपते का? रडायला लागल्यावर दहा मिनिटांत शांत होते का? उत्तर ‘नाही’ आले तर आधी सांभाळ वाढवायचा, औषध त्यानंतर. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील 26 रुग्णालयांमधल्या 1305 बाळांच्या अभ्यासात या पद्धतीने बाळे सरासरी 8.2 दिवसांत घरी जाण्याजोगी झाली. नेहमीच्या पद्धतीने 14.9 दिवस लागले. औषध लागलेल्या बाळांचे प्रमाण 52 टक्क्यांवरून 19.5 टक्क्यांवर आले. महागडे यंत्र यात एकही नाही. लागते ती आई, शांत कोपरा आणि वेळ.

सिन्नरच्या मुलीला आईपासून वेगळे केले नाही. खोलीतला मोठा दिवा मालवला, पडदा ओढला, भेटायला येणाऱ्यांना व्हरांड्यातच थांबवले. उघड्या छातीवर कांगारूसारखे घेणे, हात छातीशी घेऊन दुपट्यात बांधणे, पाळणा जोरात न हलवता सावकाश वरखाली डोलवणे, दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे पाजणे. आई औषधाखाली गुंगीत असू शकते, म्हणून छातीवर बाळ असताना आजी शेजारी जागी बसली, आणि झोपवताना बाळ उताणेच ठेवले. ओढणे जमेना तेव्हा दूध काढून वाटी-चमच्याने दिले. अशा बाळांची ऊर्जा रडण्यात आणि थरथरण्यात जळते, त्यामुळे वजन रोज करावे लागते. चौथ्या दिवशी ते 2370 ग्रॅम झाले, म्हणजे जवळपास 9 टक्के घट. 10 टक्क्यांच्या अलीकडे होती, म्हणून दूध वाढवून वाट पाहिली. पाचव्या दिवशी मुलगी सलग दीड तास झोपली. औषध लागले नाही.

ते लागले असते तर तोंडाने मॉर्फिन, किलोमागे सुमारे 0.04 मिलिग्रॅम, म्हणजे या मुलीला 0.1 मिलिग्रॅम, दर तीन-चार तासांनी, श्वासावर यंत्राने नजर ठेवून, आणि मग रोज थोडे थोडे कमी करत. हे नवजात अतिदक्षता कक्षातले काम आहे, घरचे नव्हे. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनीही ध्यानात ठेवावी : आई ओपिऑइडवर अवलंबून असेल तर बाळाला जन्मतः नालोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम उलटवणारे औषध, देऊ नये. त्याने अचानक, तीव्र विड्रॉवल होऊन झटके येऊ शकतात. श्वास कमी असेल तर मास्कने श्वास द्यावा.

आईचे औषध गर्भारपणात झटक्यात बंद करणेही चूक. त्याने गर्भ धोक्यात येतो, कळा लवकर सुरू होऊ शकतात. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर स्थिर ठेवणे हा मान्य मार्ग आहे, आणि अशी स्थिर आई अंगावर पाजू शकते. या दोन औषधांचा दुधातून जाणारा अंश फार थोडा असतो, आणि पाजल्याने बाळाचे विड्रॉवल सौम्य होते. रस्त्यावरचा माल चालू असेल तर मात्र पाजू नये.

दारूची गोष्ट निराळी. तिचे विड्रॉवल लवकर, जन्मल्यापासून तीन ते बारा तासांत येते, आणि ओपिऑइडच्या मानाने क्वचित दिसते. खरे नुकसान गर्भातच झालेले असते : मेंदूची घडणच बिघडते, आणि ती कोणत्याही औषधाने परत येत नाही. डोळ्यांच्या फटी लहान, नाकाखालची पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ, डोके लहान अशी खूण काहींच्या चेहऱ्यावर असते. केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी 1973 मध्ये या लक्षणसंचाला नाव दिले. पण बहुतेक मुलांचा चेहरा साधाच असतो, आणि अडचण शाळेत गेल्यावर, लक्ष आणि वागणुकीत कळते. नाशिक द्राक्षांचे आणि वाइनचे, सुरगाणा-पेठकडे मोहाची. पण गर्भाला या दोहोंतला भेद कळत नाही. 150 मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे 14 ग्रॅम मद्यार्क असतो, आणि बाळाच्या रक्तातले प्रमाण आईच्या बरोबरीला येते. गर्भारपणात निर्धोक अशी मात्रा ठरलेली नाही.

घरी गेल्यावर आशाताईच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. नीट न पिणे, सतत उलटी-जुलाब, न थांबणारी किंचाळी किंवा झटका दिसला तर 108 ला फोन करून बाळ परत आणायचे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात आजारी अर्भकाचा उपचार मोफत असतो. आईसाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे. सिन्नरच्या मुलीला सातव्या दिवशी सुट्टी मिळाली, वजन 2480. आईचे ट्रामाडॉल टप्प्याटप्प्याने उतरवायची चिठ्ठी तिच्याच कागदांत लावून दिली होती, सासूबाईंच्या नव्हे, तिच्या हातात.