पंच कार्डावरून बँकेच्या फाइलीत: रक्कम उजवीकडे का सरकते?

अमेरिकेतली पगाराची फाइल पहिल्यांदा नोटपॅडमध्ये उघडली की माणूस गोंधळतो. स्वल्पविराम नाहीत, शीर्षकं नाहीत, रकमेत दशांशचिन्हही नाही. प्रत्येक ओळ बरोबर ९४ अक्षरांची. यात अर्थ ठरतो तो फक्त जागेवरून: कर्मचाऱ्याच्या ओळीत तिसाव्या अक्षरापासून एकोणचाळिसाव्यापर्यंत जे काही असेल, ती रक्कम.

ही शिस्त भोकं पाडून माहिती नोंदवायच्या पंच कार्डांपासून आली. आयबीएमने १९२८ साली ८० रकान्यांचं कार्ड आणलं. टॅब्युलेटर यंत्रात कार्डाचा कुठला रकाना बेरजेच्या कुठल्या चाकाला जोडायचा, हे तारा खोचून ठरवलेलं असे. एककाचा अंक एककाच्याच चाकावर जायला हवा, म्हणून तो प्रत्येक कार्डावर एकाच रकान्यात यावा लागे. रक्कम लहान असो वा मोठी, तिचं उजवं टोक पक्कं आणि मोकळी जागा डावीकडे. नावाची बेरीज होत नाही, त्यामुळे नाव डावीकडून सुरू होतं आणि मोकळी जागा उजवीकडे राहते. दशांशचिन्हासाठी अख्खा रकाना खर्च करणंही परवडत नव्हतं. पुढे कोबोल या प्रोग्रॅमिंग भाषेत `PIC 9(8)V99` असं लिहिलं जाऊ लागलं. त्यातला `V` म्हणजे दशांशाची मानलेली जागा. फाइलीत तिच्यासाठी एकही अक्षर लागत नाही.

चेकांचा डोंगर वाढू लागला, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बँकांनी १९६८ साली कागदाविना व्यवहारांसाठी समिती नेमली. १९७२ साली तिथे बँकांमधल्या देण्याघेण्याचा हिशेब जुळवणारं पहिलं स्वयंचलित क्लिअरिंग हाउस सुरू झालं आणि १९७४ मध्ये देशपातळीवर 'नाचा' ही संघटना उभी राहिली. सुरुवातीला पाहिलेली ९४ अक्षरांची फाइल तिच्याच साच्याची. (आपल्याकडच्या 'नॅच'चा साचा वेगळा आहे, गल्लत करू नये.) चुंबकीय फितीवर दोन नोंदींमध्ये रिकामी जागा सोडावी लागे, ती वाचवायला नोंदींचे गठ्ठे करत. नाचाच्या फाइलीत आजही दहा ओळींचा गठ्ठा धरतात. एका बॅचमध्ये २३ कर्मचारी असतील तर आरंभाच्या व अखेरच्या नोंदी धरून २७ ओळी होतात, म्हणून शेवटी नुसत्या ९ अंकाने भरलेल्या तीन ओळी जोडायच्या.

आता स्प्रेडशीटची एक ओळ घेऊ: खातं 0045871234, रक्कम 1250.5. खात्याला १७ जागा, रकमेला १०:

```
=LEFT(B2&REPT(" ",17),17)
=TEXT(ROUND(C2*100,0),"0000000000")
```

रक्कम सेंटमध्ये होते, `0000125050`. इथे `ROUND` गाळू नका. 19.99 ला 100 ने गुणलं की पायथनसारख्या भाषेत 1998.9999999999998 मिळतं. पुढचा भाग नुसता कापून टाकला तर एक सेंट गेलाच. खात्याआधी नोंदीचा प्रकार व बँक क्रमांक आणि रकमेनंतर कर्मचारी क्रमांक व नाव धरून पूर्ण ओळ अशी दिसते:

```
6221234567800045871234       0000125050E1042          SAMPLE NAME             0876543210000001
```

खात्याचा स्तंभ आकडे भरण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवायला हवा. नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्यं गाळतं आणि पंधराव्या अंकापुढचे सगळे अंक शून्य करतं. नंतर स्तंभ बदलून गेलेले अंक परत येत नाहीत.

जुने लोक अजून `.prn` म्हणून सेव्ह करतात. लोटस १-२-३ मध्ये छपाई कागदाऐवजी फाइलीत पाठवली की हेच नाव मिळे. त्यात स्तंभाची रुंदी हीच फाइलीतली रुंदी ठरते, आणि कुणी माऊसने स्तंभ जरा ओढला की साचा बिघडतो. पैशांच्या कामाला मी ही वाट कधीच सुचवणार नाही.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती एका जागेने सरकलेल्या ओळीची. वरच्या ओळीत खात्यानंतरची एक मोकळी जागा कमी पडली तर रकमेच्या खिडकीत `000125050E` दिसेल. त्यात अक्षर आल्यामुळे बँक फाइल परत पाठवेल. पण कर्मचारी क्रमांक E1042 ऐवजी 1042 असता तर तिथे `0001250501` आलं असतं, म्हणजे १,२५०.५० डॉलरऐवजी १२,५०५.०१. ओळ ९३ अक्षरांची झाल्याने लांबी तपासताना हे पकडलं जातं. मात्र एखादा मॅक्रो शेवटी जागा भरून ९४ करून देत असेल, तर लांबीची तपासणी काही सांगत नाही.

त्यासाठी बॅचच्या अखेरच्या नोंदीत एकूण रक्कम लिहावी लागते. ती तयार फाइलीतले आकडे वाचून काढू नका. मूळ शीटच्या रकमेच्या स्तंभाची बेरीज घ्या. म्हणजे सरकलेली ओळ या बेरजेशी जुळणार नाही. त्याच नोंदीत प्रत्येक ओळीतल्या बँक क्रमांकाच्या पहिल्या आठ अंकांचीही बेरीज असते. खात्याआधीचा भाग सरकला असेल तर ती चुकते. अपलोड करण्याआधी मी या दोन्ही बेरजा शीटशी ताडून पाहते आणि निश्चित रुंदीच्या फॉन्टमध्ये फाइल उघडून रकमांचे एकक एकाखाली एक आहेत ना, हे वरून खाली नजर फिरवून तपासते.