चालताना व्हिडिओ का हलतो? गिंबल घेण्याआधी एवढं वाचा

संत्र्याचा बहार आला की आमच्या दुकानात एक मागणी हमखास येते. बाहेरगावचा व्यापारी बाग पाहायला येण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ मागतो. बागायतदार दोन ओळींमधून चालत व्हिडिओ काढतो. तो पाठवल्यावर व्यापारी म्हणतो, "भाऊ, फळ काही दिसत नाही, सगळं हलून राहिलं." मग दुकानात विचारणा होते, की स्वस्तातला एखादा गिंबल आहे का?

गिंबल म्हणजे मोटरींनी फोन स्थिर धरणारा दांडा. तो आम्ही विकतो आणि भाड्यानेही देतो. पण बागेतल्या व्हिडिओत जे हलतं, त्यातला मोठा भाग गिंबलच्या हातात नसतो. तो तुमच्या पायात असतो. पैसे घालण्याआधी हे नीट समजून घ्यावं, म्हणून हे पत्रक.

हलणं दोन तऱ्हेचं असतं

पहिली तऱ्हा म्हणजे फोन वळणं. मनगट जरा खाली झुकतं, फोन डावीकडे-उजवीकडे फिरतो किंवा एका बाजूला कलतो. दुसऱ्या तऱ्हेत फोन वळत नाही, पण आख्खाच्या आख्खा वर-खाली जातो. आपण साधं चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला अंग चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होतं, आणि हातातला फोनही त्याच्याबरोबर जातो.

या दोन्हींत फरक काय, तो आकड्यांत पाहू. फोन आडवा धरून मुख्य लेन्सने व्हिडिओ काढला, तर दोन मीटरवरच्या झाडाचा साधारण दीड मीटर उंचीचा भाग चौकटीत मावतो. फोन चार सेंटिमीटर उचलला गेला, की 1080 ओळींच्या चित्रात ते झाड पंचवीस-तीस ओळी खाली सरकतं. डोळ्याला हे लगेच खुपतं. तेवढ्याच उचलण्याने वीस मीटरवरचं झाड मात्र जेमतेम तीन ओळी सरकतं आणि गावातली पाण्याची टाकी जागची हलत नाही. फोन वळला तर गोष्ट वेगळी. मनगट फक्त एक अंश झुकलं तरी जवळचं झाड, दूरचं झाड आणि टाकी, सगळं एकदमच पंचवीस-एक ओळींनी उडतं.

स्वतःचा जुना व्हिडिओ तपासायची खूण यातूनच मिळते. चौकटीतली सगळ्यात दूरची वस्तू पाहा. टाकी, टेकडी, विजेचा खांब, काहीही चालेल. ती उडत असेल तर फोन वळतोय, तिथे गिंबल कामाचा आहे. दूरचं स्थिर आहे आणि जवळच्या फांद्या पावलापावलाला वर-खाली होत आहेत, तर फोन उचलला जातोय. तीन मोटरचा चांगला गिंबल लावला तरी ते हलणं तसंच राहील, कारण त्याच्या मोटरी फोनचं वळणं रोखतात. तुमचा हात वर गेला तर गिंबलही हाताबरोबर वर जातो.

संत्र्याच्या बागेत फांद्या दोन्ही बाजूंनी जवळ असतात, म्हणून तिथे दुसरी तऱ्हा फार दिसते. मोकळ्या वावरात काढलेला व्हिडिओ त्याच फोनवर, त्याच चालीने बरा येतो, त्याचं कारण हेच.

चाल कशी हवी

डोक्यावर पाण्याने भरलेला गुंड घेऊन येणारी बाई पाहा. कमरेखालून पाय चालतात, कमरेवरचं अंग सरळ रेषेत पुढे जातं. कॅमेऱ्याची चाल तीच.

गुडघे किंचित वाकवा आणि पूर्ण वेळ तसेच ठेवा. आपण वर-खाली होतो ते मुख्यतः प्रत्येक पावलाला पाय ताठ होतो म्हणून. गुडघा वाकलेला राहिला, की तो धक्का आपल्यात घेतो. पाऊल छोटं टाका, साधारण फूटभराचं. लांब टांगेत अंग जास्त खाली जातं आणि जास्त वर येतं. टाच आधी टेका, मग तळवा हळूहळू पुढे लोळवत बोटांपर्यंत न्या. आपटून पाऊल टाकलं, की गुडघे कितीही वाकलेले असले तरी झटका वर पोचतोच.

फोन दोन्ही हातांनी धरा आणि कोपरं बरगड्यांजवळ ठेवा. पण घट्ट दाबू नका, नाहीतर अंगाचा धक्का थेट फोनला जातो. हात किंचित सैल हवेत. श्वास रोखू नका. रोखलेला श्वास सुटतो तेव्हा खांदे खाली येतात आणि ते व्हिडिओत दिसतं.

पायात काय आहे, यानेही फरक पडतो. सैल रबरी चप्पल टाचेला फटफटते, पाऊल लोळवता येत नाही, आणि आवाजही रेकॉर्ड होतो. सपाट तळाचे बूट बरे.

ही चाल मांड्यांना जड जाते. अर्ध्या मिनिटानंतर गुडघे आपोआप ताठ व्हायला लागतात. म्हणून सलग लांब चालायचंच नाही.

एका बागेचं उदाहरण

समजा बागेत झाडं सहा बाय सहा मीटरवर आहेत, आपल्याकडे नागपुरी संत्र्याची लागवड बहुधा अशीच असते. पहिल्या झाडापासून तिसऱ्या झाडापर्यंत, म्हणजे बारा मीटर चालायचं. फूटभराच्या पावलाने ही चाळीस पावलं होतात. सेकंदाला दीड पाऊल टाकलं, तर पंचवीस ते तीस सेकंद लागतात. मांड्या तेवढं सोसतात आणि व्यापारीही तेवढं पाहतो.

आधी फोन खिशात ठेवून ती वाट एकदा चालून या. झाडाभोवतीच्या आळ्याचा वरंबा, ठिबकची नळी, काळ्या मातीची भेग, वाळलेलं ढेकूळ, या सगळ्यांवर पाय अडखळतो, आणि शूट करताना नजर स्क्रीनवर असते. नळी बाजूला सारा, ढेकळं पायाने फोडा. ओळींच्या अगदी मधून चाला, आळ्याच्या काठाने नको. मधून चाललात तर खोड तीन मीटरवर राहतं. मीटरभराच्या आतली फांदी चौकटीत येऊ देऊ नका, सगळ्यात जास्त तीच नाचते. चौकटीच्या मधोमध ओळीचं दूरचं टोक ठेवा. पाहणाऱ्याची नजर तिथे स्थिरावते.

तीन झाडं झाली की थांबा. दोन्ही पाय रोवून, न चालता, एका झाडाची फळं जवळून दाखवा: आकार, रंग, एका फांदीला किती फळं लागली आहेत. मग पुढचा चालता तुकडा बागेच्या दुसऱ्या भागात घ्या. व्यापाऱ्याला भाव ठरवायला फळ दिसावं लागतं, आणि ते उभं राहून काढलेल्या भागातच नीट दिसतं. चालता भाग बाग केवढी आहे आणि झाडं कशी आहेत, हे सांगण्यापुरता. सगळी बाग चालतच दाखवायची, हा आग्रह सोडला की अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

सेटिंगबद्दल दोनच गोष्टी. फोनमधलं स्थिरीकरण चालू ठेवा. ते चित्राच्या कडा थोड्या कापतं, म्हणून चौकट जरा सैल धरा. आणि झूम करू नका. झूम जेवढा जास्त, तेवढंच तेच हलणं मोठं होऊन दिसतं. 0.5× च्या रुंद लेन्सने उसळी निम्म्याच्या आसपास कमी दिसते, पण बऱ्याच फोनमध्ये ही लेन्स सावलीत कमजोर असते आणि कडेच्या फांद्याही चौकटीत ओढते. बागेत आम्ही मुख्य लेन्सच सुचवतो.

मग गिंबल कधी?

रात्रीच्या वरातीला. तिथे आम्ही बिनदिक्कत गिंबल घ्या म्हणतो.

उन्हात फोन प्रत्येक चित्र इतक्या कमी वेळात टिपतो, की त्या वेळात हाताचं हलणं दिसत नाही. चित्रं नंतर एकमेकांशी जुळवून फोन व्हिडिओ स्थिर करतो. रात्री उजेड कमी, म्हणून एकेक चित्र टिपायला सेकंदाचा पन्नासावा, कधी पंचविसावा भाग लागतो. तेवढ्यात हात वळला तर चित्रातच पुसटपणा येतो. फोन चित्रं जागेवर जुळवतो, पण पुसटपणा काढू शकत नाही. व्हिडिओ स्थिर असतो, तरी नवरदेवाचा चेहरा दर पावलाला धूसर होतो आणि पुन्हा स्पष्ट होतो. हा दोष दिसला, की फोनचं स्थिरीकरण थकलं असं समजा. गिंबल चित्र टिपलं जात असतानाच फोनला वळू देत नाही, म्हणून इथे त्याचा खरा उपयोग. गुडघे मात्र वाकलेलेच हवेत.

वरातीत नवरदेवाच्या पुढे उलटं चालावं लागतं. तेव्हा बोटं आधी टेका, टाच नंतर, आणि एखाद्या माणसाला तुमच्या पाठीवर हात ठेवून मागची वाट सांगायला लावा. तो नसेल तर उलटं चालू नका. जानोशापासून मांडवापर्यंतच्या वाटेवर नाली, दगड, जनरेटरची वायर, काहीही असू शकतं.

घेताना एक गोष्ट जरूर पाहा. अगदी स्वस्तात "गिंबल" म्हणून जी सेल्फी स्टिक मिळते, तिला बहुतेक एकच मोटर असते. ती फोनचं एका बाजूला कलणं तेवढं थांबवते. वर-खाली झुकणं आणि डावीकडे-उजवीकडे फिरणं तसंच राहतं. वरातीसाठी ती घेऊ नका. तीन मोटरचाच घ्या.

लावताना बटण दाबण्याआधी फोन क्लॅम्पमध्ये बसवा. जाड कव्हर आणि मागची रिंग काढा. मग फोन थोडा डावीकडे-उजवीकडे सरकवत अशा जागी आणा, की गिंबल बंद असतानाही तो जवळजवळ आडवा राहील. हे न करता चालू केलं, तर मोटरी सतत फोन उचलून धरतात, गरम होतात, बॅटरी लवकर उतरते, आणि व्हिडिओत बारीक थरथर येते. थरथर दिसली की आधी तोल तपासा. क्षितिज हळूहळू एका बाजूला कलत असेल, तर गिंबल सपाट टेबलावर न हलवता ठेवून ॲपमधून कॅलिब्रेशन करा. चालण्यासाठी पॅन फॉलो मोड ठेवा. त्यात फोन झुकत-कलत नाही, पण तुम्ही वळलात की हळूच वळतो. मनगटाने झटकन वळू नका, कमरेतून सावकाश वळा.

आणखी एक सूचना, कारण बरेच जण विचारतात. फोन मोटारसायकलच्या हँडलला लावून व्हिडिओ काढू नका. मोठ्या इंजिनच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा खुद्द ॲपलने 2021 मध्ये दिला आहे.

गिंबल पाहायला येताना स्वतःचा फोन आणि ज्यात हलणं दिसतं असा एखादा जुना व्हिडिओ घेऊन या. तो आधी मोठ्या स्क्रीनवर लावून दूरची वस्तू पाहू. ती स्थिर असेल, तर गिंबल न घेता परत जा म्हणून आम्हीच सांगू. उडत असेल, तर तुमचा फोन गिंबलवर बसवून दुकानासमोरच्या रस्त्यावर चालून पाहा, आणि मग विकत की भाड्याने ते ठरवा. लग्नाच्या दिवसांत भाड्यासाठी आधी सांगून ठेवावं लागतं.