शेरा, तक्रार आणि तिकीट

सार्वजनिक ठिकाणी कोणी नाराजीची प्रतिक्रिया लिहिली की यंत्रणेने ती आपोआप वाचावी, तिचे हेल्पडेस्कवर तिकीट उघडावे आणि तक्रार मिटेपर्यंत ते तिकीट उघडे राहावे, ही व्यवस्था आता अनेक संस्थांत रुळली आहे. बाहेरून ती एकसंध दिसत असली तरी प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या वंशांची कामे येथे एकमेकांना जोडलेली आहेत. एक काम लक्षात ठेवण्याचे, म्हणजे तिकिटाचे. दुसरे मजकुराचा सूर ओळखण्याचे. दोन्ही कामे आपापल्या जागी चोख विकसित झाली, पण ती एकमेकांसाठी घडवलेली नव्हती, आणि या व्यवस्थेत जे बिघडते ते बहुतेक वेळा त्यांच्या सांध्यावरच बिघडते. म्हणून दोन्हींचा मागोवा घेणे आवश्यक आहे.

तिकिटाचा उगम दुरुस्तीच्या कामात आहे. टेलिफोनच्या तारेत बिघाड झाला की त्याची चिठ्ठी केली जाई आणि ती चिठ्ठी काम करणाऱ्या माणसाबरोबर फिरे. संगणकांची जाळी उभी राहिल्यावर हीच पद्धत तिथे आली. तिकीट म्हणजे नेमके काय, याचे अतिशय स्पष्ट वर्णन जानेवारी १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या RFC 1297 या दस्तऐवजात सापडते. मेरिट नेटवर्क या संस्थेतील डेल जॉन्सन यांनी जाळ्यांची देखरेख करणाऱ्या केंद्रांसाठी तिकीट प्रणाली कशी असावी, याची अपेक्षासूचीच त्यात मांडली होती. तिकिटाला त्यांनी रुग्णालयातील रुग्णाच्या तक्त्याची उपमा दिली आहे. पाळी बदलते, डॉक्टर बदलतात, पण पलंगाशी अडकवलेला तक्ता तिथेच राहतो आणि नव्याने आलेल्या माणसाला आधी काय झाले ते सांगतो. तिकीट हे केंद्राचे अल्पकालीन स्मरण आहे, ते कोणा एकाच्या डोक्यात राहता कामा नये, हा त्यामागचा विचार होता. आजच्या हेल्पडेस्कमधील मालकी, स्थिती, कामाच्या नोंदी आणि ठरलेल्या वेळी परत वर येणारे स्मरणपत्र या साऱ्या गोष्टी त्याच विचारातून येतात.

पुढचा टप्पा ईमेलचा. १९९६मध्ये जेसी व्हिन्सेंट यांनी सुरू केलेल्या ‘रिक्वेस्ट ट्रॅकर’ या प्रणालीने आलेल्या पत्रातून आपोआप तिकीट तयार करण्याची रीत पुष्कळ ठिकाणी पोहोचवली. तिची युक्ती साधी होती. पत्राच्या विषयाच्या ओळीत तिकिटाचा क्रमांक असा घातला जाई:

```
[example.com #1234]
```

उत्तर देणाऱ्याने विषयाची ओळ बदलली नाही तर त्याचे उत्तर नव्या तिकिटात न जाता जुन्यातच जमा होई. तक्रार आणि तिकीट यांना बांधणारा धागा म्हणजे हा क्रमांक. आपोआप तिकीट उघडण्यातला पहिला मोठा धोकाही याच काळात दिसला. ‘आपले पत्र मिळाले’ अशी आपोआप जाणारी पोच समोरच्या ‘मी रजेवर आहे’ या आपोआप जाणाऱ्या उत्तराला भेटली की दोन यंत्रे एकमेकांना रात्रभर पत्रे लिहीत बसत आणि सकाळी तिकिटांचा ढीग पडलेला असे. अशा स्वयंचलित उत्तरांनी स्वतःची ओळख कशी द्यावी, याचे नियम २००४मध्ये RFC 3834 मध्ये आले. हा धोका संपला आहे असे समजू नये. तो पुढे वेगळ्या रूपात परत येतो.

तोपर्यंतच्या या साऱ्या वाटचालीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे तक्रार संस्थेच्या पत्त्यावर येणार. फोन असो वा पत्र, माणसाने तक्रार करायचे ठरवलेले असे आणि कोणाकडे करायची हेही त्याला माहीत असे. सार्वजनिक प्रतिक्रियांनी हे गृहीतच मोडले. २००८मध्ये अमेरिकेतील कॉमकास्ट या केबल कंपनीत ग्राहकसेवा पाहणारे फ्रँक एलियासन ट्विटरवर कंपनीविषयी कोण काय लिहिते आहे ते शोधून त्यांना थेट उत्तरे देऊ लागले, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. ती माणसे कंपनीला उद्देशून लिहीत होतीच असे नाही. कित्येक जण आपल्या मित्रांना त्रास सांगत होते. हे शोधणे प्रथम माणसे हाताने करत. प्रतिक्रियांची संख्या वाढली तसे ते हातांच्या आवाक्याबाहेर गेले आणि वाचण्याचे काम यंत्राकडे सोपवण्याची गरज निर्माण झाली.

यंत्राकडे त्यासाठी जे होते ते वेगळ्या कामासाठी तयार झालेले होते. मजकुराचा सूर ओळखण्याच्या संशोधनातील एक पायाभूत निबंध बो पांग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांचा, २००२ सालचा. त्यांनी चित्रपटांची ७०० अनुकूल आणि ७०० प्रतिकूल परीक्षणे घेतली. माणसांनी विचार करून सुचवलेल्या चांगल्यावाईट शब्दांच्या याद्या वापरल्या तेव्हा अचूकता ५८ आणि ६४ टक्के आली. यंत्राला उदाहरणांवरून शिकू दिले तेव्हा ती सुमारे ८३ टक्क्यांपर्यंत गेली. हा निकाल महत्त्वाचा होता, पण त्याची चौकट लक्षात ठेवायला हवी. नमुन्यात अनुकूल-प्रतिकूल निम्मे-निम्मे होते, मधली परीक्षणे बाजूला ठेवलेली होती, आणि प्रश्न एवढाच होता की लिहिणाऱ्याला चित्रपट आवडला की नाही. त्याला कोणाकडून काही हवे आहे का, हा प्रश्न विचारलेलाच नव्हता.

तक्रारीच्या बाबतीत मात्र नेमका तोच प्रश्न मुख्य आहे. तक्रार हाताळणीविषयीचे ISO 10002 हे आंतरराष्ट्रीय मानक २००४मध्ये आले. त्यातील व्याख्येनुसार तक्रार म्हणजे असमाधानाची अशी अभिव्यक्ती की जिच्यात उत्तराची किंवा निवारणाची अपेक्षा उघड वा गर्भित असते. असमाधान हा या व्याख्येचा अर्धाच भाग आहे, उरलेला अर्धा अपेक्षेचा आहे. सूर ओळखणारे यंत्र पहिला अर्धा मोजते, तिकीट दुसऱ्या अर्ध्यासाठी असते. माझ्या मते या विषयातील जवळजवळ सारी गफलत या एका फटीत आहे.

ही फट किती महागात पडते हे एका काल्पनिक हिशेबाने पाहता येईल. समजा, दिवसाला १,००० प्रतिक्रिया येतात आणि त्यांतल्या ४० खऱ्या तक्रारी आहेत. यंत्र खऱ्या तक्रारींपैकी ८० टक्के पकडते आणि उरलेल्या प्रतिक्रियांपैकी फक्त १० टक्क्यांवर चुकून बोट ठेवते. ऐकायला हे चांगले वाटते. पण ४० पैकी ३२ तक्रारी पकडल्या जातात, आणि उरलेल्या ९६० पैकी ९६ प्रतिक्रियांची विनाकारण तिकिटे होतात. एकूण १२८ तिकिटांत खरी ३२, म्हणजे चारातले एक. निम्मे-निम्मे नमुन्यावर जे यंत्र हुशार ठरते तेच इथे कर्मचाऱ्याला चारापैकी तीन तिकिटे उघडून नुसतीच बंद करायला लावते. काही आठवड्यांत त्याचा हात सवयीने बंद करण्याच्या बटणाकडे जाऊ लागतो आणि चौथे, खरे तिकीटही त्यातच जाते. सुटून गेलेल्या ८ तक्रारी तर कोणाला दिसतही नाहीत.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक अडचण या वंशातूनच आलेली आहे. वर उल्लेखिलेल्या निबंधात नकार हाताळण्यासाठी असा नियम वापरला होता की नकारार्थी शब्द दिसला की त्याच्या पुढच्या विरामचिन्हापर्यंतच्या सर्व शब्दांवर नकाराची खूण करायची. २०१४मध्ये आलेले ‘व्हेडर’ हे शब्दयादीवर चालणारे बहुप्रचलित साधन भावनादर्शक शब्दाच्या आधीच्या तीन शब्दांत नकार शोधते. इंग्रजीत नकार बहुधा आधी येतो, म्हणून हे चालते. मराठीत तो क्रियेच्या शेवटी येतो. ‘सेवा चांगली नाही’ या वाक्यात ‘नाही’च्या पुढे खूण करायला काही उरतच नाही आणि ‘चांगली’च्या आधी नकार नाही, म्हणून हे नियम जसेच्या तसे लावले तर वाक्य स्तुतीत जमा होते. असे नियम न वापरता मराठी उदाहरणांवर शिकवलेले यंत्र या विशिष्ट चुकीतून सुटते, मात्र आपल्या यंत्रामागे यांपैकी काय आहे, हे ते बसवणाऱ्याने विचारून घ्यायला हवे.

आता एका कल्पित प्रतिक्रियेचा प्रवास जवळून पाहू. ‘वा, काय तत्परता! परत केलेल्या वस्तूचे पैसे तीन आठवडे झाले तरी खात्यात नाहीत.’ पहिल्या वाक्यातले शब्द कौतुकाचे आहेत आणि दुसऱ्यात रागाचा एकही शब्द नाही, त्यामुळे सुराच्या मापावर ही प्रतिक्रिया सहज निसटते. तरीही ती पूर्ण तक्रार आहे: घटना आहे, मुदत आहे, न झालेले काम आहे. म्हणून जाणत्या रचनेत सुरासोबत घटनेच्या खुणाही तपासतात, म्हणजे कालावधी, ‘अजून’, ‘परत’, ‘मिळाले नाही’ यांसारखे शब्द किंवा ऑर्डर क्रमांक. तिकीट उघडताना मूळ प्रतिक्रियेचा माध्यमाने दिलेला क्रमांक त्यात नोंदवला जातो. माध्यमाकडून तीच सूचना दोनदा येणे नेहमीचे असते. हा क्रमांक आधीच नोंदलेला असेल तर दुसरे तिकीट उघडत नाही. लिहिणाऱ्याने त्याच प्रतिक्रियेखाली उद्या पुन्हा लिहिले तर ते जुन्याच तिकिटात जावे, यासाठीही तोच क्रमांक कामी येतो. ईमेलच्या विषयातील तिकीट क्रमांकाचे काम इथे तो करतो.

मग कर्मचारी जाहीर उत्तर देतो: ‘झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, आपला ऑर्डर क्रमांक खासगी संदेशाने कळवावा.’ हे उत्तर संस्थेच्या नावाने जाते आणि त्यात ‘गैरसोय’ हा शब्दही आहे. संस्थेचे स्वतःचे खाते वाचनातून वगळलेले नसेल तर यंत्र या उत्तराचेच नवे तिकीट उघडते, त्यावर पोच पाठवते, आणि रजेच्या पत्रांचा जुना फेरा नव्या जागी सुरू होतो. एकाच मिनिटाला, एकाच खात्याकडून, सारख्याच मजकुराची तिकिटे दिसू लागली की हे घडते आहे असे ओळखावे.

शेवट गाठतानाही जुना तक्ताच उपयोगी पडतो. जाहीर उत्तर गेले की तिकीट मिटले असे मानण्याची चूक येथे फार होते, कारण सर्वांना दिसते ते उत्तरच. पैसे मात्र अजून खात्यात आलेले नसतात. म्हणून ‘उत्तर दिले’, ‘निवारण झाले’ आणि ‘बंद’ या तीन स्थिती वेगळ्या ठेवतात, आणि निवारणानंतर लिहिणाऱ्याने ठरलेल्या दिवसांत पुन्हा लिहिले तर तेच तिकीट परत उघडते. प्रतिक्रिया लिहिणाऱ्याने ती काढून टाकली तरीही तिकीट आपोआप बंद करत नाहीत. माणूस कंटाळून गेला असेल, पण व्यवहार तसाच पडलेला असू शकतो. यंत्र बरोबर वाचते आहे की नाही, हे पाहण्यासाठी ‘तक्रार नव्हती’ या कारणाने बंद झालेल्या तिकिटांचे प्रमाण दर आठवड्याला काढतात. सुटलेल्या तक्रारी मात्र तिकिटांत सापडणारच नाहीत. त्यांच्यासाठी यंत्राने बाजूला टाकलेल्या प्रतिक्रियांतून काही यादृच्छिकपणे उचलून एखाद्या माणसाने त्या स्वतः वाचाव्या लागतात.