पाटी तीच, गाळा दुसऱ्याचा

समजा, सांगलीत विश्रामबागेत बसून एक मुलगी परदेशी गिऱ्हाइकांसाठी वेबसाइट बनवते आणि पैसे इथर या क्रिप्टोत घेते. तिचा पत्ता म्हणजे 0x पुढे चाळीस अक्षरं-आकडे. तो कुणाला तोंडपाठ होणार? म्हणून १० मार्च २०२४ ला तिने वर्षभरासाठी शेवटी .eth असलेलं सुटसुटीत नाव घेतलं आणि आपला पत्ता त्याला जोडला.

ही .eth नावं देणाऱ्या, २०१७ पासून चालू असलेल्या ENS या व्यवस्थेत पैसे नावात नसतातच. नाव म्हणजे मार्केट यार्डातल्या हळदीच्या गाळ्यावरची पाटी. पाठवताना वॉलेट ब्लॉकचेनवरच्या नोंदीला विचारतं, ‘या नावाचा सध्याचा पत्ता कोणता?’ आणि रक्कम तिथे धाडतं. ‘सध्याचा’ या शब्दातच सगळी मेख आहे, कारण नाव ज्याच्या ताब्यात, तो एका व्यवहारात पत्ता बदलू शकतो.

त्या मुलीच्या .eth नावाची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली आणि ती विसरली. पुढचे ९० दिवस, म्हणजे ८ जूनपर्यंत, नूतनीकरण करून नाव तिच्याकडेच राहिलं असतं, दुसऱ्या कुणाला ते घेता आलं नसतं. त्यानंतर नाव सगळ्यांसाठी खुलं होतं, पण दहा कोटी डॉलरच्या अधिभारासह. तो रोज निम्मा होत २१ दिवसांत शून्यावर येतो. गंमत अशी, की नाव दुसऱ्याने घेईपर्यंत जुनी नोंद तशीच राहते आणि पैसे मुलीलाच मिळत राहतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. जूनअखेर एकाने चारपाच डॉलर भरून नाव घेतलं, त्याला स्वतःचा पत्ता लावला. जुलैत गिऱ्हाइकाने नेहमीसारखं नाव टाकून अर्धा इथर पाठवला. तो गेला, आणि परत बोलावायला इथे बँक नाही.

यूपीआयवर पैसे पाठवताना निदान खातेदाराचं नाव दिसतं. इथे तसं काही नाही, पण नाव टाकल्यावर वॉलेट त्याखाली 0x वाला पत्ता दाखवतं. तो मागच्या यशस्वी व्यवहारातल्या पत्त्याशी ताडून पाहायचा, नवीन माणूस असेल तर फोनवर वाचून घ्यायचा. पहिली-शेवटची चार अक्षरं जुळली म्हणून थांबू नये. तेवढी जुळणारे पत्ते मुद्दाम बनवून तुमच्या व्यवहारांच्या यादीत घुसवणारे लोक आहेत. मधलीही वाचावीत.

दुसरी खूण app.ens.domains वर सापडते. तिथे नावाची नोंदणी कधीची आणि मुदत कधीपर्यंत, ते कळतं. ज्याला तुम्ही वर्षभर पैसे पाठवताय त्याच्या नावाची नोंदणी गेल्या महिन्यातली दिसली, तर पाटीमागचा माणूस बहुधा बदललाय.

आधी थोडी रक्कम पाठवून ‘मिळाली का?’ विचारणं उत्तमच. पण उरलेली मोठी रक्कम पाठवताना पुन्हा नाव टाकू नका, कारण मधल्या वेळेत नोंद बदलू शकते. ज्या पत्त्यावर छोटी रक्कम पोचली, तोच जसाच्या तसा कॉपी करून टाका.