दीड तासाचं ऑपरेशन, चार तासांची वाट

सांगितल्यापेक्षा जास्त वेळ लागला म्हणजे आत काहीतरी बिघडलं, हा समज आपल्याकडे इतका घट्ट बसला आहे की चांगली शिकलेली माणसंही त्यातून सुटत नाहीत. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही हॉस्पिटलात ओटीबाहेरच्या बाकड्यावर बसून बघा. गावाहून फोन येतो, "काय गो, अजून भायर हाडूक नाय?" विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण फोन ठेवल्यावर ऐकणारीच्या पोटात गोळा येतो. तो का येतो, हे शरीरशास्त्राने बरंच उलगडलं आहे. आणि बहुतेक वेळा तो येण्याचं कारणच नसतं, हे ओटीच्या आतलं घड्याळ कळलं की समजतं.

आधी ते घड्याळ बघू. समजा, वेंगुर्ल्याजवळच्या गावातली 74 वर्षांची आजी पावसात शेवाळलेल्या खळ्यात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. सांध्यातला हाडाचा गोळा काढून त्या जागी धातूचा बसवायचा ठरलं. सर्जन म्हणाले, "दीड तासाचं काम आहे." सकाळी 9 वाजता स्ट्रेचर आत गेलं. मुलगा आणि सून बाहेर बसले आणि दोघांनी मनात साडेदहाची खूण केली.

आत मात्र 9 वाजता ऑपरेशन सुरू होत नाही. आधी नाव विचारतात, कागद बघतात, कोणता पाय हे पुन्हा तपासतात, सलाईन लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक तपासयादी आणली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण ओटीतून बाहेर काढण्याआधी असं तीनदा थांबून तपासायचं, हा तिचा गाभा. यात वेळ जातो आणि तो जायलाच हवा. मग भूलतज्ज्ञ पाठीच्या कण्यात इंजेक्शन देतात. म्हाताऱ्या माणसाच्या मणक्यातल्या फटी अरुंद झालेल्या असतात, त्यामुळे सुई जागेवर जायला कधी दोन-तीनदा प्रयत्न लागतात. भूल किती वर चढली ते पाहायचं, रक्तदाब उतरला तर सावरायचा, रुग्णाला कुशीवर वळवून नीट आधार द्यायचा, मांडीपासून कमरेपर्यंत जंतुनाशकाने धुऊन हिरवी कापडं अंथरायची. एवढं होईतो सव्वादहा वाजतात. पहिला चिरा इथे पडतो.

सर्जनचा दीड तास इथून मोजायचा. पावणेबाराला टाके, गॉज आणि हत्यारांची मोजणी, ड्रेसिंग. मग आजी रिकव्हरीत जाते. रक्तदाब स्थिर आहे, पायांत थोडी जाण परतते आहे, असं दिसेपर्यंत तिला तिथेच ठेवतात. खाटेवर यायला एक वाजतो. सर्जन खरंच बोलले होते, आत काहीही चुकलं नाही, आणि तरी सुनेने चार तास काढले. त्यातले शेवटचे अडीच तास तिच्या लेखी उशिराचे होते.

साडेदहापर्यंत तीच सून बऱ्यापैकी शांत होती, हे लक्षात घ्या. साडेदहानंतर तिला कोणतीही वाईट बातमी मिळालेली नाही. फक्त तिचा अंदाज संपला. पुढे काय, हे सांगणारं मनात काही उरलं नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. 45 जणांना संगणकावर खेळ दिला होता. पडद्यावर दगड दिसायचा आणि त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा खरा, दुखणारा झटका बसायचा. कोणत्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे खेळता खेळता उमजत जायचं, पण ती मधूनच बदलायची. या काळात त्यांना किती घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या होतात, हे मोजलं गेलं. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण सर्वांत जास्त असेल, असं आपल्याला वाटेल. तसं झालं नाही. ताण शिगेला पोचला तो शक्यता बरोबर अर्धी अर्धी असताना. नक्की बसणाऱ्या झटक्यापेक्षा बसेल की नाही हे न कळणं शरीराला जड गेलं.

बाहुल्या मोजण्याला कारण आहे. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा अगदी छोटा पुंजका आहे. तिथून निघालेले तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूत पसरतात आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन नावाचं रसायन सोडतात. मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. अंदाज चालत नाही असं दिसलं की हा पुंजका जोरात काम करू लागतो आणि सगळ्या मेंदूला सांगतो, आधीचं गृहीत धरू नका, बारीकसारीक टिपा. बाहुल्यांच्या आकारात त्याचं काम बरंचसं दिसून येतं. ही व्यवस्था वाईट नाही. त्या प्रयोगात ज्यांचा ताण अनिश्चिततेप्रमाणे नेमका वरखाली होत होता, त्यांचे सापाचे अंदाज जास्त बरोबर ठरले. अनिश्चिततेतला ताण हा शिकण्यासाठीचा ताण आहे.

ओटीच्या दाराबाहेर मात्र शिकण्यासारखं काही घडतच नसतं. मेंदू जागा झालेला, टिपायला तयार, आणि समोर बंद दार. मग तो जे मिळेल ते टिपतो. नर्स घाईने का गेली? वॉर्डबॉयने आपल्याकडे बघून मान का वळवली? रक्ताची पिशवी आणायला का सांगितलं? या सगळ्यातून तो अर्थ काढत राहतो. रक्ताचंच घ्या. रक्तपेढीत रक्त जुळवून पाहायलाच पाऊण तास जातो, म्हणून खुब्याच्या ऑपरेशनला ते बऱ्याचदा आधीच तयार ठेवतात. आणायला सांगितलं म्हणजे आत रक्त वाहतंय असं होत नाही. खरोखर अडचण आली किंवा ठरलेला बेत बदलावा लागला, तर सहसा सर्जन किंवा भूलतज्ज्ञ स्वतः बाहेर येतात किंवा नातेवाइकाला आत बोलावतात, कारण त्यांना तुमची संमती लागते. धावपळीतून अर्थ काढू नका, तुमच्याशी बोलायला कोण येतं ते बघा.

यावरचा उपाय आदल्या संध्याकाळी करायचा असतो. "ऑपरेशन किती वेळाचं?" एवढंच विचारून थांबू नका. "आत नेल्यापासून खाटेवर परत येईपर्यंत साधारण किती? आणि किती वाजेपर्यंत काही कळलं नाही तर आम्ही विचारावं?" असं विचारा. आपल्या उदाहरणात उत्तर आलं असतं, "एक वाजेपर्यंत काळजी करू नका, दोन वाजले तर विचारा." तेच चार तास, पण सुनेच्या मनातला अंदाज साडेदहाला संपला नसता. मधे विचारायचंच झालं तर बाहेर आलेल्या नर्सला "किती वेळ लागेल?" विचारू नका, ते तिच्या हातात नसतं. "कुठपर्यंत आलंय?" हे विचारा. "टाके चाललेत" एवढं ती दोन शब्दांत सांगू शकते, आणि त्या दोन शब्दांनी पुष्कळ उतार पडतो.

गावच्या आणि मुंबईच्या फोनांसाठी ओटीबाहेर नसलेला एकच माणूस नेमा. प्रत्येक चाकरमान्याला "अजून नाय" सांगताना तुम्ही तो संपलेला अंदाज पुन्हा एकदा उघडत असता.

देवाला गाऱ्हाणं घालण्याबद्दल माझी तक्रार नाही. बसल्या जागी हात जोडून मन एका ठिकाणी ठरत असेल तर जरूर जोडावे. पण अमावास्या टळू दे, कौल मिळू दे म्हणून मोडलेलं हाड दोन-चार दिवस तसंच ठेवणं हे माणसाला धोक्यात घालणं आहे. म्हातारं माणूस खाटेवर पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत गुठळी होते, पाठीला जखमा पडतात. डॉक्टरांच्या मते रुग्ण ऑपरेशनला तयार असेल, तर खुब्याच्या बाबतीत दोन दिवसांच्या आत ते होणं चांगलं. तसंच, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरवतो म्हणून मोबाइलवर विकल्या जाणाऱ्या पुड्या-गोळ्यांवरही पैसे घालवू नका.

ते कॉर्टिसॉल काय करतं ते मात्र कळलेलं बरं. भीती वाटताच काही सेकंदांत अ‍ॅड्रिनॅलिन येतं, छाती धडधडते, आणि ते काही मिनिटांत ओसरतं. कॉर्टिसॉल सावकाश चढतं, वीस-तीस मिनिटांनी शिगेला जातं आणि उतरायला तास-दोन तास घेतं. दोन्ही मिळून रक्तात साखर सोडतात, स्नायू ताणतात, पळण्याची तयारी करतात. पळायचं कुठेच नसतं. म्हणून दर अर्ध्या तासाने कॉरिडॉरच्या टोकापर्यंत दोन-चार फेऱ्या मारणं हा खराच उपाय आहे. आळीपाळीने जा, दारापाशी एक जण राहू दे. आजी उपाशी आहे म्हणून आपणही उपाशी बसायचं, हे करू नका. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने तर मुळीच नाही. डब्यातली पेज-भाकरी वेळेवर खा.

श्वासाचा उपाय साधा आहे, पण त्यामागची यंत्रणा भक्कम आहे. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतू हृदयाचा वेग कमी करतो, घेताना ती पकड सैल होते. म्हणून चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटांत धडधड कमी झालेली जाणवते. खोल आणि भराभर श्वास मात्र घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि आपल्यालाच काहीतरी होतंय असं वाटून भीती दुप्पट होते. छातीत दाबल्यासारखं दुखणं, घाम, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ असली तर श्वासाचे प्रयोग करत बसू नका, लगेच नर्सला सांगा. तुम्ही हॉस्पिटलातच आहात.

एक वाजता सर्जन बाहेर येऊन पाच वाक्यं बोलतील. त्यातली दोनच लक्षात राहतील, कारण ताण चढलेला मेंदू भीतीशी जोडलेलं तेवढं पकडतो आणि बाकीचं सोडून देतो. दोघांनी मिळून ऐका, एकाने लिहून घ्या. पायावर भार कधी द्यायचा, रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन किती दिवस, कुशीवर कसं वळवायचं, हे नंतर आठवत बसावं लागतं.

आणि बातमी चांगली आली तरी पुढचे तास-दोन तास पाय थरथरतात, डोकं जड होतं, कधी रडू आवरत नाही. अ‍ॅड्रिनॅलिन गेलेलं असतं, कॉर्टिसॉल अजून रक्तात असतं. जो सकाळपासून दारापाशी बसला होता, त्याने त्या संध्याकाळी गाडी चालवत घाट चढू नये. चावी दुसऱ्याकडे द्यावी, किंवा रात्र तिथेच काढून सकाळची एसटी धरावी.