मधली फ्रेम कुठून येते?

लग्नाच्या व्हिडिओत अंतरपाट खाली येतो आणि अक्षता पडतात तो क्षण सावकाश दिसावा, अशी बहुतेक घरांची इच्छा असते. शूटिंग मात्र साध्या 25 फ्रेमच्या वेगाने झालेलं असतं. तो तुकडा चौपट लांबवायचा, तर एका सेकंदाच्या 25 फ्रेमच्या जागी 100 लागतात. म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या दर दोन फ्रेमच्या मध्ये तीन फ्रेम अशा हव्यात, ज्या कुणी टिपलेल्याच नाहीत. त्या आणायच्या कुठून, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच जुना आहे.

अगदी सुरुवातीला तो नव्हता, कारण काळाशी जे काही खेळायचं ते यंत्राच्या दांड्यावरच व्हायचं. ल्युमिएर बंधूंचा कॅमेरा हाताने फिरवायचा आणि तोच प्रोजेक्टर म्हणूनही चालायचा. 1896 साली त्यांनी मजूर भिंत पाडतानाचं चित्रण केलं आणि ती फीत उलटी फिरवून दाखवली. धूळ जमिनीत परत शिरते, विटा गोळा होतात आणि भिंत उभी राहते. 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झालेल्या पहिल्या खेळाच्या कार्यक्रमपत्रिकेत भिंत पाडण्याची ही फिल्म होती. दांडा जोरात फिरवून चित्रण केलं आणि नेहमीच्या वेगाने दाखवलं की हालचाल मंद व्हायची, हळू फिरवलं की पडद्यावर धावपळ. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी रोप वाढतानाचं जे चित्रण केलं, त्यात ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेतली होती. काळाशी खेळण्याचंच ते दुसरं टोक.

हाताच्या वेगाला मर्यादा होती. ती ओलांडण्यासाठी ऑस्ट्रियातले धर्मगुरू आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक आउगुस्ट मुस्गर यांनी फिरत्या आरशांची रचना शोधली आणि 1904 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे पैशांअभावी ते पेटंट त्यांच्या हातून गेलं आणि ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने तसं यंत्र बाजारात आणलं. त्या तंत्राला जर्मनमध्ये 'त्साइटलुप' म्हणतात, म्हणजे काळाचं भिंग. मला हा शब्द फार अचूक वाटतो. भिंग असलेलंच मोठं करून दाखवतं, नसलेलं निर्माण करत नाही. खऱ्या हायस्पीड कॅमेऱ्याचं आजही तसंच आहे.

नसलेल्या फ्रेमची गरज पहिल्यांदा पडली ती बोलपट आल्यावर. मूकपटांचा वेग सेकंदाला 16-18 फ्रेमच्या आसपास असायचा, बोलपटांचा 24 ठरला. जुनी फिल्म नव्या प्रोजेक्टरवर पळायला लागली, म्हणून एका फिल्मवरून दुसरी फिल्म छापणाऱ्या ऑप्टिकल प्रिंटरवर दर दुसरी फ्रेम दोनदा छापत. दोनाच्या तीन झाल्या, पण चालणारा माणूस ठेचकाळल्यासारखा दिसू लागला. आपल्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'फ्रेम सॅम्पलिंग' नावाने जो पर्याय दिसतो, तो हाच. दुसरा उपाय म्हणजे शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत विरघळवणं, आजचं 'फ्रेम ब्लेंडिंग'. त्यात धक्के कमी होतात, पण हललेला हात एका जागी असण्याऐवजी दोन जागी अर्धा-अर्धा दिसतो.

हात खरोखर मधल्या जागी दिसायला हवा, तर तो कुठून कुठे गेला हे यंत्राला कळलं पाहिजे. ते गणित 1981 मध्ये दोन ठिकाणी मांडलं गेलं. एमआयटीत बर्थोल्ड हॉर्न आणि ब्रायन शंक यांनी, आणि कार्नेगी मेलनमध्ये ब्रूस लुकस आणि ताकेओ कानादे यांनी. दोन्हींचा पाया एकच गृहीतक आहे: एखादा ठिपका हलला तरी त्याचा उजेड तोच राहतो, म्हणून पुढच्या फ्रेममध्ये तेवढ्याच उजेडाचा ठिपका शोधा. प्रत्येक पिक्सेलच्या अशा सरकण्याच्या नकाशाला ऑप्टिकल फ्लो म्हणतात. गृहीतक साधं आहे आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका त्याच्याच पोटातून आल्या आहेत. सपाट भिंतीवर सगळे ठिपके सारखेच असतात. फ्लॅश उडाला की उजेड बदलतो. आणि एखादी वस्तू दुसरीच्या मागे गेली, तर शोधायला ठिपकाच उरत नाही.

याच काळात टीव्हीवाल्यांना वेगळी निकड होती. युरोपातलं चित्र सेकंदाला 50 फील्डचं, म्हणजे एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांचं, अमेरिकेतलं जवळपास 60 चं. इकडचा कार्यक्रम तिकडे दाखवायचा तर मधली चित्रं घडवावी लागत. बीबीसीच्या संशोधन विभागात ग्रॅहॅम थॉमस यांनी 1987 मध्ये फेज कोरिलेशनने हालचाल मोजण्याची पद्धत मांडली आणि तसे कन्व्हर्टर पुढच्या दशकात प्रसारणात आले. व्हिडिओ लहान करणारे कोडेकही तेव्हा हालचाल शोधतच होते, पण त्यांचा हेतू निराळा. कोडेकला फक्त मिळताजुळता तुकडा हवा असतो. तो चुकीच्या जागेचा निघाला तर फाइल थोडी मोठी होते, एवढंच. मधली फ्रेम बनवताना मात्र तीच चूक थेट पडद्यावर दिसते, म्हणून इथे खरी हालचाल सापडावी लागते.

एडिटरच्या टेबलावर हे साधन आणलं ते 2000 च्या सुमारास ट्विक्सटर या प्लगइनने. 2007 मध्ये ऑस्कर अकादमीने तंत्रविषयक पुरस्कार दिले, त्यांत ट्विक्सटर बनवणारे पिएर जास्मँ आणि पीट लिटविनोविच होते, आणि 'फर्नेस' ही अशाच तंत्राची साधनं बनवणारी टीमही. त्यानंतर टाइम रीमॅपचा आलेख सगळीकडे रूढ झाला. आडवा अक्ष तयार व्हिडिओचा वेळ, उभा अक्ष मूळ फुटेजचा वेळ. रेघ जितकी कमी चढती, तितकी हालचाल मंद. आडवी झाली की फ्रीझ, उतरू लागली की उलटं चालणं. आलेख वळवताच सॉफ्टवेअर 12.37 व्या फ्रेमसारखी मागणी करू लागतं, आणि ती कुठेच नसते.

उलटं चालवणं तसं सोपं वाटतं, पण आजच्या फाइलमध्ये बहुतेक फ्रेम आधीच्या फ्रेमवर टेकलेल्या असतात, त्यामुळे मागून वाचता येत नाहीत. एफएफएमपेग या आज्ञा टाइप करून चालवायच्या व्हिडिओ साधनाचा `reverse` फिल्टर म्हणूनच सगळा तुकडा उलगडून मेमरीत धरतो. फुल एचडीची एक फ्रेम साधारण 3.1 एमबी, म्हणजे 10 सेकंदांना जवळपास 780 एमबी. लांब क्लिप दिली की मशीन का गुदमरतं, ते यावरून कळेल.

आता अक्षतांकडे येतो. माझ्याकडच्या एका फुटेजमध्ये फ्रेमची रुंदी 1920 पिक्सेल होती आणि वधूवरांच्या अंतरावर तिच्यात साधारण 3 मीटर जागा मावत होती. म्हणजे मीटरला 640 पिक्सेल. तांदळाचा दाणा 6 मिलिमीटरचा धरला, तर तो 4 पिक्सेलचा. सेकंदाला 3 मीटर वेगाने पडणारा दाणा एका फ्रेममध्ये 12 सेंटिमीटर, म्हणजे 77 पिक्सेल खाली जातो. शटर 1/50 वर असल्याने त्याची 38 पिक्सेलची फिकट रेघ उमटते. त्यावर ही आज्ञा चालवली:

```
ffmpeg -i akshata.mp4 -an -vf "setpts=4*PTS,minterpolate=fps=25:mi_mode=mci:mc_mode=aobmc:me_mode=bidir:vsbmc=1" slow.mp4
```

हा फिल्टर काही वेगळं सांगितलं नाही तर 16 पिक्सेलच्या चौकोनात विचार करतो आणि 32 पिक्सेलच्या आवाक्यात शोधतो. त्या चौकोनात रेघेपेक्षा मागची भिंतच जास्त असते आणि भिंत हललेली नसते, म्हणून सगळा चौकोन 'स्थिर' ठरतो. शोध वाढवला तरी फारसं साधत नाही. आजूबाजूला शेकडो दाणे हुबेहूब सारखे असतात, आणि आपला दाणा 77 पिक्सेलवर असताना दुसऱ्याच कुणाचा 20 वर सापडतो. परिणामी अक्षता पडतच नाहीत. इथली रेघ विरते, तिथली उगवते. सावकाश पडणारे दाणे पाहायचे होते, आणि मिळाली लुकलुक.

अंतरपाटाचं बिघडतं वेगळ्या कारणाने. कापड मोठं असतं, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक ठळक असतं, त्यामुळे कापडाची हालचाल यंत्राला छान सापडते. अडचण वरच्या कडेला आहे. कापड खाली जाताना नवरदेवाचं कपाळ नव्याने उघडं पडतं. ते पुढच्या फ्रेममध्ये आहे, मागच्या फ्रेममध्ये कापडाआड होतं, म्हणून त्याची जोडी कुठेच लागत नाही. मग यंत्र शेजारच्या कापडाचीच गती कपाळाला लावतं, आणि मुंडावळ्यांचे मणी ताणून कापडाबरोबर खाली ओढल्यासारखे दिसतात. हाच शॉट उलटा चालवला तर झाकणं आणि उघडणं यांची अदलाबदल होते, पण डाग त्याच जागी राहतो. पाय एकमेकांसमोरून जाताना, हात चेहऱ्यावरून फिरताना, गर्दीत कुणी मध्ये आल्यावर जे पाणी हलल्यासारखं दिसतं, ते याच जातीचं. व्हिडिओवर आधीच चिकटवलेली नावं आणि लोगोही असेच वितळतात.

नंतर न्यूरल नेटवर्क आलं. एनव्हिडियाच्या संशोधकांनी 2018 मध्ये मांडलेल्या 'सुपर स्लोमो'ला सेकंदाला 240 फ्रेमच्या खऱ्या व्हिडिओंवर शिकवलं होतं. मधल्या फ्रेम लपवायच्या, अंदाज करायला लावायचं आणि लपवलेल्या फ्रेमशी ताडून पाहायचं. कुठला ठिपका कोणत्या फ्रेममध्ये दिसतो आणि कुठल्यात झाकलेला आहे, हेही ते ठरवतं. 2019 च्या 'डेन'ने त्यात खोलीचा अंदाज जोडला, म्हणजे पुढचं काय आणि मागचं काय ते कळावं. डेनिस शिरयाएव यांनी 2020 मध्ये ल्युमिएरांची स्टेशनात येणारी गाडी डेन वापरूनच 60 फ्रेमच्या वेगाने दाखवली. तिथे साधारण चारांपैकी तीन फ्रेम नव्याने घडवलेल्या आहेत. अंतरपाटाच्या कडेला या पद्धतींनी खरोखर फरक पडतो. अक्षतांना पडत नाही, कारण माहितीच नाही. 38 पिक्सेलच्या रेघेत दाणा नेमका कोणत्या क्षणी कुठे होता ते कॅमेऱ्याने पुसून टाकलेलं असतं.

बिघाड ओळखायला चालत्या व्हिडिओत नुसतं पाहू नका, बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे जा. चौपट मंद केलेल्या तुकड्यात दर चौथी फ्रेम मूळची असते आणि ती बाकीच्या तिघींपेक्षा स्वच्छ दिसते. ही स्वच्छ-मऊ लय सेकंदाला सहा वेळा येते आणि चालत्या चित्रात कडा श्वास घेतल्यासारख्या भासतात. दर काही फ्रेमनंतर ठेच लागत असेल, तर मूळ फुटेजमध्ये दुहेरी फ्रेम आहेत का ते आधी तपासा, मोबाइलच्या फुटेजमध्ये विशेषतः. दोन सारख्या फ्रेममध्ये यंत्राला हालचाल शून्य सापडते आणि पुढच्या जोडीत दुप्पट.

शूटिंग हातात असेल तर 50 फ्रेम आणि 1/100 शटर. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला 100 वेळा चढ-उतार करतात. 1/100 मध्ये एक पूर्ण फेरा बसतो आणि लुकलुक टळते. त्याहून वेगवान शटर अक्षतांना बरं, पण हॉलच्या ट्यूबलाइटखाली उजेड फ्रेमगणिक बदलू लागतो आणि 1981 चं ते गृहीतकच मोडतं.

माझं फुटेज 25 चंच होतं. शेवटी अंतरपाट हलायला लागल्यापासून कपाळ दिसेपर्यंतचा भाग निम्म्या वेगावर ठेवला, म्हणजे दर दोन फ्रेममध्ये एकच नवी, आणि मुंडावळ्यांभोवती मास्क करून तेवढ्या जागी जवळची मूळ फ्रेम धरली. पहिली मूठ हवेत दिसली की आलेख सरळ 100 टक्के वेगावर नेला. अक्षता आपल्या वेगाने पडल्या.