इनामाचा कागद, 1818 ते 1863: साताऱ्यावरच्या एका प्रबंध-आराखड्याची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही तहसील कचेरीत तासभर बसले, तर सात-बारा हातात घेऊन 'भोगवटादार वर्ग 2' किंवा 'देवस्थान इनाम वर्ग 3' या नोंदीचा अर्थ विचारणारा माणूस हमखास भेटतो. जमीन तीन-चार पिढ्या घरातच कसली गेलेली असते, पण ती विकता येत नाही आणि का विकता येत नाही हे घरातल्या कोणालाच नीट सांगता येत नाही. माझ्या पीएच.डी.च्या आराखड्यातला प्रश्न या नोंदींच्या मुळाशी जातो. सातारा राज्यात इनाम जमिनीचा, म्हणजे सारा माफ असलेल्या जमिनीचा, हक्क सिद्ध करण्यासाठी 1818 ते 1863 या काळात कोणता पुरावा ग्राह्य धरला जाई, तो कोणी तपासला आणि त्या तपासणीत कोणते हक्क टिकले, असा तो प्रश्न आहे.

कालखंडाच्या दोन्ही टोकांचे कारण आधी द्यायला हवे, कारण आराखडा वाचणाऱ्यांनी पहिली हरकत त्यावरच घेतली होती. फेब्रुवारी 1818 मध्ये साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला आणि 11 फेब्रुवारी या तारखेचा एल्फिन्स्टनचा जाहीरनामा निघाला. वतने, इनामे, वर्षासने आणि देवस्थानांचा व धर्मादायाचा खर्च पूर्ववत चालेल, असे वचन त्यात होते. पेशवाई संपत असताना लोक बिथरू नयेत म्हणून दिलेले हे वचन पुढची 40 वर्षे इनामदारांनी प्रत्येक अर्जात पुढे केले. त्यामुळे आरंभाचे वर्ष राज्य बदलले म्हणून नव्हे, तर हे वचन दिले गेले म्हणून 1818 आहे.

साताऱ्याचे वेगळेपण त्यानंतर सुरू होते. पुणे प्रांत थेट कंपनीकडे गेला, पण साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवण्यात आले. 25 सप्टेंबर 1819 च्या तहाने त्यांचे राज्य ठरले आणि 1822 च्या एप्रिलपर्यंत कारभार रेसिडेंट जेम्स ग्रँट यांच्या हाती राहिला. पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ ते हेच. त्यानंतर महाराजांनी स्वतः राज्य चालवले आणि इतर राजांप्रमाणे सनदाही दिल्या. सप्टेंबर 1839 मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले आणि त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले. 5 एप्रिल 1848 रोजी आप्पासाहेब निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने नामंजूर केले आणि राज्य खालसा झाले. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी 1840 पासून लंडनमध्ये होते आणि 1853 पर्यंत तिथेच राहिले. ही कहाणी साताऱ्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते, म्हणून ती इथे लांबवत नाही. मात्र ती नेहमी राजाच्या बाजूने सांगितली जाते. गादी गेल्यावर त्या गादीने दिलेल्या कागदांचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही.

1843 च्या सुमारास दक्षिण महाराष्ट्रात इनामांची चौकशी सुरू झाली आणि 1852 च्या अकराव्या कायद्याने तिला कायद्याचे पाठबळ मिळाले. हेच इनाम कमिशन. सारामाफी कोणत्या अधिकाराने मिळाली, हे इनामदाराने दाखवायचे आणि न दाखवल्यास जमिनीवर सारा बसायचा, असे त्याचे सूत्र होते. कायद्याच्या परिशिष्टातल्या एका नियमात, स्पष्ट सनद नसली तरी इंग्रजी अंमल येण्यापूर्वी 60 वर्षे अखंड चाललेली वहिवाट आणि वारसाची साखळी दाखवता आली, तर इनाम पुढे चालवण्याची तरतूद होती.

हा नियम सोपा वाटतो, पण प्रत्यक्ष कागदावर लावताना तो किती ठिकाणी अडतो हे पाहण्यासाठी नमुना म्हणून मीच रचलेले एक प्रकरण घेऊ. वाई प्रांतातल्या एका कुटुंबाकडे पाव चाहूर, म्हणजे 30 बिघे, जमिनीची मोडी सनद आहे. तीवर 'सन सबा खमसैन मया व अलफ' असे वर्ष आहे. हे अरबी संख्याशब्द आहेत: सात, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन 1157. शुहूर सन जूनमध्ये मृगाबरोबर बदलतो. त्यात 599 मिळवले की जूननंतरच्या महिन्यांचे इसवी वर्ष मिळते आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांसाठी 600 मिळवावे लागतात. म्हणजे ही सनद 1756-57 ची ठरते. 1818 पर्यंत 61 वर्षे होतात आणि कुटुंब वर्षभराच्या फरकाने तरते.

आता लेखनिकाच्या घाईत 'खमसैन'ऐवजी 'सितैन' वाचले गेले, तर वर्ष दहाने पुढे सरकते, 1818 पर्यंत 51 वर्षेच भरतात आणि दावा पडतो. उलट तोच 1157 चा आकडा फसली सन समजला गेला, तर त्यात 590 मिळवावे लागतात आणि सनद नऊ वर्षांनी जुनी होते. जमीन आणि माणसे तीच असतात, पण निकाल एका शब्दाच्या वाचनाने फिरतो. म्हणून आराखड्यात मोडी वाचनाचा उल्लेख एक कौशल्य म्हणून केलेला नाही. वाचन हाच इथे संशोधनाचा विषय आहे.

बनावट सनद ओळखण्याची रीतही याच तारखांमध्ये आहे. मराठी कागदावर अनेकदा तिथीबरोबर मुसलमानी चंद्राची तारीख 'छ' या अक्षरापुढे दिलेली असते. हिजरी महिना चंद्रदर्शनापासून मोजला जात असल्याने ही तारीख शुद्ध पक्षातल्या तिथीपेक्षा साधारण एक-दोन दिवस मागे चालते. शुद्ध दशमीच्या कागदावर छ 8 किंवा 9 दिसला तर ते स्वाभाविक आहे, पण तिथे छ 15 दिसला तर तो कागद बाजूला काढून पुन्हा पाहावा लागतो. वद्य पक्षात तिथीत आधी 15 मिळवायचे आणि मग हाच हिशेब करायचा. अर्थात प्रामाणिक कारकूनही चुकत असत, त्यामुळे केवळ यावरून कागद खोटा ठरवता येत नाही.

साताऱ्याचा खरा पेच याच्या पुढचा आहे. 'इंग्रजी अंमल येण्यापूर्वी' म्हणजे 1818 पूर्वी की 1848 पूर्वी? ज्या मुलखात मध्ये 30 वर्षे छत्रपतींचे राज्य होते, तिथे 60 वर्षे कुठून मोजायची यावर एखाद्या इनामाचे भवितव्य ठरू शकत होते. वरच्या प्रकरणातली सनद 1777 ची असती, तर पहिल्या मोजणीने 41 वर्षे भरतात आणि दुसऱ्या मोजणीने 71. त्याच्याच जोडीचा दुसरा प्रश्न प्रतापसिंहांच्या स्वतःच्या सनदांचा आहे. कंपनीने ज्यांना राजा म्हणून बसवले आणि नंतर कंपनीनेच ज्यांना पदावरून काढले, त्यांना दान देण्याचा अधिकार होता की नव्हता? अधिकाऱ्यांनी या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक फाइलमध्ये कशी दिली आणि ती एकमेकांशी जुळतात का, हे तपासणे हा प्रबंधाचा गाभा आहे.

यासाठी तीन ठिकाणचे कागद एकमेकांसमोर ठेवावे लागतील. पहिले ठिकाण पुणे पुराभिलेखागार, म्हणजे लोकांच्या तोंडचे पेशवे दफ्तर. तिथे सुमारे 39,000 रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, आणि कोणत्या गठ्ठ्यात काय निघेल हे यादीवरून अर्धेच कळते. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, त्या दिवसाची नोंद सापडली, तर सनदेला बळ मिळते. कमिशनचे अधिकारीही हेच करत, आणि नोंद मिळाली नाही की संशय घेत. वास्तविक दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराची आबाळ झाली होती, त्यामुळे नोंद नसणे हा सनद नसल्याचा पुरावा होत नाही. दुसरे ठिकाण मुंबईचे राज्य पुराभिलेखागार. तिथल्या महसूल आणि राजकीय खात्यांच्या खंडांत अधिकाऱ्यांचा आपसातला वाद दिसतो, आणि तो निकालपत्रापेक्षा जास्त मोकळा असतो. तिसरे ठिकाण लंडनमधले ब्रिटिश ग्रंथालय, जिथे इंडिया ऑफिसचे अभिलेख आहेत. प्रत्येक दफ्तर आपल्या धन्याच्या सोयीने बोलते. इनामदाराचा आवाज मुख्यतः त्याच्या कैफियतीत, म्हणजे हक्काबद्दल त्याने दिलेल्या जबानीत, ऐकू येतो, आणि तीही कारकुनाने ठरावीक साच्यात उतरवून घेतलेली असते.

इथे एका प्रसिद्ध आकड्याबद्दल सांगणे भाग आहे. कमिशनने 20,000 हून अधिक इनामे जप्त केली आणि त्यातून 1857 चा असंतोष वाढला, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते. असंतोष होता, यात शंका नाही. पण 'इनाम' या एका शब्दात आख्खे गावही येते आणि गुरवाच्या वाट्याचे अर्धे बिघेही येते. असा आकडा गाव, जमीन आणि रोख नेमणूक यांत फोडल्याशिवाय त्यातून कोणाचे किती गेले हे कळत नाही. म्हणून एकूण बेरीज मांडण्याचा मोह मी टाळला आहे.

शेवटचे टोक 1863 का, 1848 का नाही, याचे उत्तर 1863 च्या मुंबईच्या दुसऱ्या कायद्यात आहे. चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळली होती. सरकारने तडजोड पुढे केली: इनामदाराने ठरावीक वार्षिक रक्कम भरण्याचे कबूल केले, तर त्याच्या हक्काचे मूळ कोणी विचारणार नाही आणि जमीन वंशपरंपरागत व विकण्याजोगी होईल. पुरावा मागण्याचा काळ तिथे संपला. मात्र देवस्थानाच्या जमिनी विकण्याजोग्या झाल्या नाहीत, आणि गावच्या चाकरीच्या वतनांचाही या तडजोडीत समावेश नव्हता. व्यक्तीच्या इनामाची वाट आणि देवाच्या इनामाची वाट अशी वेगळी झाली. पुढे 1950 च्या दशकात वैयक्तिक इनामे आणि वतने कायद्याने रद्द झाली, पण देवस्थान इनाम राहिले. तहसील कचेरीतल्या त्या माणसाच्या सात-बाऱ्यावरचा वर्ग 3 तिथून आला आहे.

ज्यांच्याकडे कागदच नव्हता, त्यांची नोंद मात्र सर्वांत कठीण आहे. महार, रामोशी आणि गावचे इतर चाकर यांचा हक्क सनदेवर क्वचितच होता. तो गावाच्या साक्षीवर आणि दरवर्षी हाती पडणाऱ्या बलुत्यावर चालत असे. कमिशनच्या फाइलींत त्यांचे नाव बहुधा दुसऱ्याच्या दाव्यातला साक्षीदार म्हणूनच येईल, असा माझा अंदाज आहे. त्यामुळे पहिल्या वर्षी दोनच तालुके घेतले आहेत. कृष्णाकाठच्या वाईत ब्राह्मणांची आणि देवस्थानांची इनामे दाट आहेत. कोरडवाहू माणमध्ये चाकरीच्या जमिनी जास्त सापडाव्यात अशी अपेक्षा आहे. सुरुवात माणच्या कैफियतींपासून होईल आणि प्रत्येक कैफियतीतून आधी साक्षीदारांची यादी उतरवून घेतली जाईल.